लॉगिन होईना: बिघाड सगळ्यांचा की फक्त माझ्या खात्याचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरमधल्या आमच्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या नंबरवर निकालाचा दिवस असो, फॉर्मची शेवटची तारीख असो किंवा एखादं मोठं ॲप बंद पडलेलं असो, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे बहुतेक जण क्लासेसची मुलं, त्यांचे गावाकडचे पालक आणि लहान दुकानदार असतात. नुकसान बहुतेकदा बिघाडाने होत नाही. बिघाड नेमका कुठे आहे ते कळायच्या आधी घाईत पासवर्ड बदलण्यानं आणि भलत्याच नंबरवर फोन लावण्यानं होतं. म्हणून आधी निदान, मग खात्याला हात, या क्रमाने ही उत्तरं दिली आहेत.

१. लॉगिन होत नाही. सगळ्यांचंच बंद आहे की माझंच, हे सगळ्यात आधी कसं ओळखायचं?

सुरुवातीला स्क्रीनवर आलेला मजकूर जसाच्या तसा वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. "येईना" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. नेमके शब्द हवेत (प्रश्न २ पाहा).

मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा, किंवा उलट करा. एका जाळ्यावर होतंय आणि दुसऱ्यावर नाही, तर खातंही ठीक आणि कंपनीही ठीक. दोष मधल्या वाटेत आहे.

दोन्हीकडे अडत असेल तर ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडून लॉगिन न करता तीच साइट उघडा. पानच उघडत नसेल तर तुमच्या खात्याचा प्रश्न येतच नाही, कारण तुम्ही कोण हे अजून त्या साइटला माहीतच नाही. पान नीट उघडलं आणि फक्त लॉगिन अडलं, तर दोन शक्यता उरतात: ओळख तपासणारी त्यांची यंत्रणा बंद आहे, किंवा तुमच्या खात्यात अडचण आहे. यातली कोणती, ते ठरवायला दुसऱ्या माणसाचं दुसरं खातं लागतं. त्याच खिडकीत घरातल्या कुणाचं तरी खातं नव्याने लॉगिन करून बघा. तेही अडलं तर बिघाड त्यांचा. ते झालं आणि तुमचं होईना, तर संशय तुमच्या खात्यावर येतो. पण पक्कं म्हणायच्या आधी प्रश्न ४ वाचा.

हे सगळं दहा मिनिटांत होतं. या दहा मिनिटांत पासवर्डला हात लावू नका.

२. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आकडा येतो. त्यावरून काय कळतं?

पाचशेच्या घरातला आकडा असेल, म्हणजे `500 Internal Server Error`, `502 Bad Gateway`, `503 Service Unavailable` किंवा `504 Gateway Timeout`, तर दोष समोरच्या यंत्रणेत आहे. तुम्ही पासवर्ड बरोबर टाकला काय आणि चूक टाकला काय, तो तपासण्यापर्यंत गाडी बहुधा गेलेलीच नसते. थांबण्यावाचून इलाज नाही.

`429 Too Many Requests` हा आकडा चारशेच्या घरातला. त्याचा अर्थ, या ठिकाणाहून थोड्या वेळात फार प्रयत्न झाले, आता थांबा. इथे पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने थांबायचा वेळ वाढू शकतो. हॉस्टेलवाल्यांनी प्रश्न ७ पाहावा.

`DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` असं आलं तर साइटच्या नावावरून तिचा पत्ताच सापडत नाहीये. बहुतेक वेळा आपल्या जोडणीत दोष असतो किंवा नाव टाइप करताना चूक झालेली असते. पण ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम गेले, तेव्हा त्या कंपनीचे पत्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते आणि ते परत यायला सुमारे सहा तास लागले. म्हणून हा मजकूर दिसला तर दुसऱ्या दोन साइट उघडून बघा. त्या उघडल्या तर तुमचं नेट ठीक आहे.

"Something went wrong" हा मजकूर काहीच सांगत नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका. राहिला "पासवर्ड चुकीचा आहे" हा मजकूर. तोच सगळ्यात जास्त फसवतो.

३. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी चुकीचा म्हणतंय. म्हणजे खातं हॅक झालं का?

तसंच असेल असं नाही. ५ मार्च २०२४ ची संध्याकाळ आठवा. साडेआठच्या सुमारास लोकांचं फेसबुक आपोआप लॉगआउट झालं. पुन्हा लॉगिन करायला गेलं तर बरोबर पासवर्डही नाकारला जात होता. इन्स्टाग्रामवर फीड येत नव्हती. व्हॉट्सॲप मात्र बहुतेकांचं चालू होतं, त्यामुळे "माझं फेसबुक हॅक झालंय, माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका" असे निरोप फिरायला वेळ लागला नाही. आपोआप लॉगआउट होणं आणि नेहमीचा पासवर्ड न चालणं ही खातं चोरीला गेल्याचीच लक्षणं वाटतात, त्यामुळे घाबरलेल्यांना दोष देता येत नाही. साधारण दोन तासांत सेवा परत आली. कंपनीने तांत्रिक बिघाड असल्याचं सांगितलं.

असं का होतं, ते समजून घेतलं तर पुढच्या वेळी भीती वाटणार नाही. तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा तो आतल्या एका वेगळ्या यंत्रणेकडे तपासायला जातो. फोटो दाखवणारी, व्हिडिओ चालवणारी यंत्रणा निराळी असते. तपासणारी यंत्रणा आजारी पडली, तर "मला तपासता आलं नाही" असं प्रामाणिक उत्तर प्रत्येक वेळी तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. कधी ते सरळ नकार म्हणून पोचतं आणि पान नकाराचा ठरलेला मजकूर दाखवतं.

त्या संध्याकाळी हा प्रश्न विचारणाऱ्याने काय करायला हवं होतं, ते क्रमाने बघू. समजा तुम्ही औशात आहात, फोनवर "Session expired" आलं आणि पासवर्ड नाकारला गेला. पहिलं, ज्या ईमेलवर खातं आहे तो ईमेल उघडा. पासवर्ड बदलल्याची, ईमेल किंवा मोबाईल नंबर बदलल्याची सूचना आली आहे का ते पाहा. स्पॅमची पेटीही उघडा. खरोखर कुणी खातं घेतलं असेल तर या बदलाची खूण बहुतेक वेळा इथे सापडते. काही नाही? मग दुसरं, वेगळ्या गावातल्या दोन जणांना विचारा, एक परभणीचा आणि एक पुण्याचा असला तर उत्तम. प्रश्न असा विचारा: "तुमचं आपोआप लॉगआउट झालं का, आणि किती वाजता?" वेळ विचारणं महत्त्वाचं. खातं चोरणारा एकेका खात्यामागे लागतो. पाच शहरांतले पाच जण एकाच दहा मिनिटांत बाहेर फेकले जात नाहीत. वेळा जुळल्या की निदान झालं. आता फोन बाजूला ठेवा आणि तास-दोन तासांनी बघा.

४. ताईच्या फोनवर तेच ॲप मस्त चालू आहे. मग दोष माझ्याच खात्यात ना?

या एका गोष्टीवरून सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष निघतात, म्हणून सविस्तर सांगतो.

ताईने कदाचित चार महिन्यांपूर्वी लॉगिन केलं असेल. तेव्हा तिच्या फोनला एक खूण मिळाली आणि त्यानंतर ॲप तीच खूण दाखवून आत जातं, पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. एसटीचा महिन्याचा पास असतो तसं समजा: पास देणारी खिडकी बंद असली तरी जुना पास असलेले बसमध्ये बसतात, अडतो तो नवा पास काढायला आलेला. त्यामुळे लॉगिनची यंत्रणा पूर्ण बंद असतानाही आधीपासून आत असलेल्यांना काहीच जाणवत नाही, असं बरेचदा होतं. ताईचं चालू असणं हा पुरावा धरता येत नाही. पुरावा हवा असेल तर तिचं खातं दुसऱ्या फोनवर किंवा इनकॉग्निटो खिडकीत नव्याने लॉगिन करून बघावं लागेल. आणि एक विनंती: ही चाचणी करायला ताईला चालू असलेल्या फोनवरून लॉगआउट करायला लावू नका. खरोखर बिघाड असेल तर तीही बाहेर अडकेल.

कधी उलटंही होतं. १४ डिसेंबर २०२० ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास गूगलची ओळख तपासणारी सेवा सुमारे पाऊण तास बंद पडली. जीमेल, ड्राइव्ह, लॉगिन केलेलं यूट्यूब, सगळं अडलं. पण तेच यूट्यूब इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, चालत होतं. कारण नंतर गूगलनेच सांगितलं: आतल्या यंत्रणांना साठवणुकीची जागा वाटून देणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेने खात्यांची माहिती ठेवणाऱ्या सेवेचा वापर चुकून शून्य धरला आणि तिची जागा कापली. सेवेला नवी माहिती लिहिता येईना, माहिती जुनी होत गेली, आणि जुन्या माहितीवर कुणाला आत सोडायचं नाही असा तिचा नियम असल्याने सगळेच बाहेर राहिले. लॉगिनशिवाय चालतं, लॉगिन केलं की अडतं आणि हे एकाहून जास्त खात्यांना होतं: अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर ओळख तपासणाऱ्या यंत्रणेचा बिघाड समजावा.

५. डाउनडिटेक्टरवर आलेख वर गेलेला दिसतोय. एवढं पुरे आहे का?

तो आलेख लोकांच्या तक्रारींचा असतो. साइटचे सर्व्हर कोणी मोजत नाही. "मला अडचण आहे" असं किती जणांनी कळवलं, तेवढं त्यात दिसतं. म्हणून दोन गोष्टी बघा. आलेख नेहमीच्या पातळीच्या कितीतरी पट वर गेला आहे का, आणि तक्रारी लॉगिनच्या आहेत का. दुसरं म्हणजे त्याच वेळी एखाद्या मोबाईल कंपनीचा आलेखही उसळलाय का. मोबाईलचं जाळं बसलं की लोक त्याचा दोष इन्स्टाग्राम, यूपीआय, बँक अशा सगळ्यांवर टाकतात आणि सगळेच आलेख एकदम चढतात. अशा वेळी खरा बिघाड जाळ्याचा असतो.

कंपनीचं अधिकृत स्थितीपान असेल तर तेही पाहा. गूगलच्या जीमेल, ड्राइव्हसारख्या सेवांसाठी `www.google.com/appsstatus` आहे. मात्र अधिकृत पानावर माणसाने खात्री केल्यावर नोंद होते, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत तिथे सगळं हिरवंच दिसू शकतं. आलेख लवकर बोलतो पण चुकतो, अधिकृत पान उशिरा बोलतं पण बरोबर बोलतं, असा माझा अनुभव आहे.

६. सरकारी पोर्टलचा फॉर्म भरायचा आहे, शेवटची तारीख आहे, कॅप्चा बरोबर टाकूनही चुकीचा म्हणतंय. काय करावं?

अशा पोर्टलचं स्थितीपान बहुधा नसतं आणि आलेखावरही तक्रारी फारशा नसतात, त्यामुळे प्रश्न ५ मधली युक्ती इथे उपयोगी पडत नाही. लक्षणांवरूनच ओळखावं लागतं.

कॅप्चाचं चित्र पानाबरोबर येतं आणि त्याचं उत्तर सर्व्हरवर थोड्या वेळापुरतं ठेवलेलं असतं. गर्दीमुळे पान यायला दोन-तीन मिनिटं लागली, मग तुम्ही भरलं आणि पाठवायलाही तेवढाच वेळ गेला, तर तोपर्यंत मुदत संपते आणि बरोबर अक्षरंही नाकारली जातात. पान हळू येतंय आणि कॅप्चा नाकारला जातोय, असं एकत्र दिसलं तर तो गर्दीचा त्रास आहे. पान झटकन येतंय, कॅप्चा स्वीकारला जातोय आणि त्यापुढे "युजर सापडला नाही" असं येतंय, तर अडचण तुमच्या नोंदणीत आहे. बहुतेक वेळा युजरनेम वेगळं असतं, किंवा गेल्या वर्षी भावाच्या मोबाईल नंबरवर नोंदणी केलेली असते.

गर्दीचा त्रास असेल तर रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा. एका वेळी एकच टॅब उघडा, कारण दुसऱ्या टॅबमध्ये नवा कॅप्चा आला की पहिल्यातला बाद होऊ शकतो. आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. मुदतवाढीसाठी अर्ज करायची वेळ आली तर हाती तोच कागद असतो.

७. आमच्या हॉस्टेलमध्ये कुणाचंच लॉगिन होईना, पण गावाकडं भाऊ म्हणतो चालू आहे. हे कसं?

शंभर मुलं एकाच ब्रॉडबँडवर असली की बाहेरच्या साइटला ती सगळी एकाच पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात. निकालाच्या दुपारी सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं, प्रत्येकाने चार-चार वेळा बटण दाबलं, की साइटला वाटतं एकच यंत्र हजारो पासवर्ड लावून बघतंय. ती त्या पत्त्याला थोड्या वेळासाठी अडवते. `429` येतो, किंवा संपतच नाहीत अशा चित्रांचे कॅप्चा येत राहतात.

वायफाय बंद करून मोबाईल डेटावर या. तिथे झालं तर निदान पक्कं. हॉस्टेलचं वायफाय काही वेळाने आपोआप मोकळं होतं, तोवर सगळ्यांनी प्रयत्न थांबवायला हवेत.

८. ओटीपीच येईना. हा बिघाड कुणाचा?

आधी दुसऱ्या कुठल्याही सेवेचा ओटीपी मागवून बघा. तो आला आणि हवा तो आला नाही, तर पाठवणाऱ्याकडे अडचण आहे. कुठलाच येत नसेल तर तुमच्या सिमकडे बघा. नुकतंच सिम बदललं असेल तर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. सिम बदललेलंच नसताना फोनची रेंज अचानक गेली, शेजारी त्याच कंपनीच्या फोनला मात्र आहे, तर दुसऱ्या कुणी तुमच्या नंबरचं सिम काढल्याची शक्यता असते. तेव्हा लॉगिन बाजूला ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाईल कंपनीला आणि बँकेला कळवा.

ओटीपी एकदा मागवा आणि थांबा. पाच वेळा मागवला तर शेवटचाच चालतो, आणि रांगेत अडकलेले जुने आधी येऊन गोंधळ करतात. ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड वापरत असाल तर तो साधारणपणे ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनच्या घड्याळावर चालतो. घड्याळ हाताने पुढे-मागे केलेलं असेल तर कोड चुकीचाच ठरतो. वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू करा.

९. आमच्या भागात मोबाईल इंटरनेटच बंद केलंय. तेव्हा काय समजायचं?

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आरक्षण आंदोलनाच्या वेळी बीड आणि जालना जिल्ह्यांत काही काळ इंटरनेट बंद होतं, तेव्हा हा प्रश्न खूप आला. अशा वेळी फोन आणि एसएमएस चालू असू शकतात, म्हणून ओटीपी येतो पण लॉगिन होत नाही. इतर कुठलीच साइट उघडत नाही, एवढ्यावरून ओळखा. तुमच्या खात्याला काही झालेलं नाही.

१०. थांबायचं कशाला, पासवर्ड बदलून टाकला तर बिघडलं काय?

बिघाड चालू असताना बदलण्याची विनंती अर्धवट राहू शकते. तुम्हाला नवा पासवर्ड टाकल्याचं आठवतं, यंत्रणेकडे जुनाच असतो, आणि सेवा परत आल्यावर दोन्हींचा घोळ होतो. पासवर्ड बदलायच्या लिंक चार वेळा मागवल्या तर त्या उशिरा, एकदम येतात आणि जुन्या लिंक चालत नाहीत. वर चुकीचे प्रयत्न मोजले जाऊन खातं काही काळ बंद होऊ शकतं. मग बिघाड मिटल्यावरही तुम्ही बाहेरच. प्रश्न ११ मधलं एखादं लक्षण दिसलं तरच लगेच बदला.

११. खातं खरंच दुसऱ्याच्या हातात गेल्याची पक्की लक्षणं कोणती?

तुम्ही न केलेल्या बदलाची सूचना ईमेलवर येणं, हे सगळ्यात पक्कं. अशा ईमेलमध्ये "हा बदल मी केला नाही" अशी सोय असते. पण त्यातल्या लिंकवर जायच्या आधी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा, कारण नकली सूचनाही अगदी तशाच दिसतात. दुसरं, तुमच्या नावाने मित्रांना निरोप जाणं. तिसरं, पासवर्ड विसरलो म्हटल्यावर ओटीपी कुठे पाठवणार ते दाखवतात, तिथे शेवटचे आकडे तुमच्या नंबरचे नसणं.

गूगल खात्यात कुठल्याही एका फोनवर अजून आत असाल तर `myaccount.google.com/device-activity` इथे कोणकोणती यंत्रं आत आहेत ते दिसतं. फेसबुकसाठी `facebook.com/hacked` हा मार्ग आहे. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

१२. सगळ्यांचं सुरू झालं, बातम्यांतही आलं, पण माझं अजून होत नाही. आता?

बिघाड आणि खात्याची अडचण एकामागोमाग येऊ शकतात, आणि बिघाडाच्या दुसऱ्या दिवशी येणारे बहुतेक निरोप याच प्रकारचे असतात. वर्षानुवर्षं आत असलेला माणूस बिघाडामुळे पहिल्यांदाच बाहेर फेकला जातो आणि मग कळतं की पासवर्ड आठवत नाही, किंवा खात्याला जोडलेला नंबर बंद होऊन तीन वर्षं झाली.

आधी ॲपचा कॅशे साफ करा किंवा इनकॉग्निटोमध्ये बघा. जुनी, बाद झालेली खूण फोनमध्ये अडकली असेल तर एवढ्याने होतं. नाही झालं आणि आदल्या दिवशी खूप प्रयत्न केले असतील, तर २४ तास एकही प्रयत्न न करता थांबा. त्यानंतर पासवर्ड विसरल्याचा मार्ग, तोही तुमच्या नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या जाळ्यावरून, कारण ओळखीच्या यंत्रावरून आलेली विनंती मान्य होण्याची शक्यता जास्त असते.

या टप्प्यावर लोक कंटाळून इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" शोधतात. कृपया तसं करू नका. फुकट वापरायच्या मोठ्या ॲपची लॉगिन सोडवून देणारी फोन सेवा बहुधा नसतेच, आणि बिघाडाच्या दिवसांत असे खोटे नंबर जास्त फिरतात. पलीकडचा माणूस ओटीपी मागत असेल किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगत असेल तर फोन ठेवा. जुना नंबर बंद असल्यामुळे अडलं असेल तर ओळखपत्र घेऊन केंद्रावर या, खातं परत मिळवायचा अर्ज तुमच्यासमोर बसून भरू.